बीपीची पहिली गोळी कोणती? मधुमेह, गरोदरपण आणि दमा असलेल्या रुग्णांचे फार्माकॉलॉजीचे प्रश्न कसे सोडवायचे

एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला फार्माकॉलॉजीत उच्च रक्तदाबाचं प्रकरण वाचून संपतं. औषधांचे गट, त्यांचं काम, दुष्परिणाम सगळं पाठ होतं. मग प्रश्न येतो: 'मधुमेही रुग्ण, बीपी १५०/९६, लघवीतून अल्ब्युमिन जातंय, औषध निवडा.' हा जमतो. पुढच्या प्रश्नात तोच आकडा, पण बाई चार महिन्यांची गरोदर. त्याच्या पुढच्यात तिला दमाही आहे. इथे वर्गातली निम्मी मुलं गोंधळतात, कारण प्रत्येक आजारासमोर त्यांनी एकेक 'ड्रग ऑफ चॉइस' घोकलेलं असतं आणि दोन आजार एकत्र आले की दोन उत्तरं एकमेकांना छेद देतात.

हे प्रश्न सोडवायची माझी पद्धत उलटी आहे. आधी या रुग्णाला काय देता येणार नाही ते काटायचं आणि उरलेल्यातून निवडायचं. काटायचा क्रमही ठरलेला: पहिलं गरोदरपण, मग दमा, मग पोटॅशियम आणि क्रिएटिनिन, आणि शेवटी मधुमेह. कारण पहिल्या तीन गोष्टी औषधं बाद करतात. मधुमेह सहसा औषध बाद करत नाही, तो फक्त एका गटाकडे झुकवतो. लेख परीक्षार्थींसाठी आहे. घरात कुणाला बीपी असेल तर हे वाचून त्यांच्या गोळ्या बदलायला जाऊ नका.

जवळ काय ठेवायचं

- तुमच्या विभागात वापरतात ते पाठ्यपुस्तक आणि त्याच्या आवृत्तीचं वर्ष (वर्ष का हवं ते चौथ्या पायरीत येईल)
- मागच्या काही वर्षांचे विद्यापीठाचे पेपर, विशेषतः 'कारण द्या' आणि प्रिस्क्रिप्शन लिहायचे प्रश्न
- एक कोरा कागद. त्यावर पाच ओळी: एसीई इनहिबिटर, एआरबी, कॅल्शियम चॅनल ब्लॉकर, थायाझाइड, बीटा ब्लॉकर. सहावी ओळ फक्त गरोदरपणासाठी: मिथाइलडोपा, हायड्रॅलाझिन.

१. प्रश्न वाचताना पाच गोष्टींखाली रेघ मारा

लिंग आणि वय, गरोदरपणाचे आठवडे, दम्याचा किंवा पंपाचा उल्लेख, लघवीतलं अल्ब्युमिन, आणि पोटॅशियम-क्रिएटिनिन. प्रश्न काढणारा यातला एकही शब्द उगाच घालत नाही. 'लहानपणी धाप लागायची' एवढंच लिहिलं असेल तरी तो दमा समजा. 'मासिक पाळी दोन महिने चुकली' असं असेल तर ती गरोदर आहे. 'मूल होण्यासाठी प्रयत्न चालू आहेत' असं असेल तर उत्तर गरोदर बाईसारखंच शोधा, कारण अवयव घडायचे आठवडे बऱ्याचदा कळायच्या आधीच सुरू होतात.

बीपीचा आकडाही नीट पाहा. १५०/९६ आणि १७०/११४ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. गरोदरपणात १६०/११० च्या वर गेलं की प्रश्न तातडीच्या उपचाराचा होतो आणि पर्यायांतली रोजची गोळी बहुतेक वेळा चुकीची ठरते.

२. बाकी काही आजार नसेल तर काय, हे आधी पक्कं करा

नुसता रक्तदाब असलेल्या माणसाला सुरुवात चारपैकी कोणत्याही गटाने करता येते: एसीई इनहिबिटर, एआरबी, डायहायड्रोपिरिडीन कॅल्शियम चॅनल ब्लॉकर (अॅम्लोडिपिन वगैरे) आणि थायाझाइड किंवा क्लोरथॅलिडोनसारखं औषध. बीटा ब्लॉकर आता या पहिल्या रांगेत धरत नाहीत. हृदयविकाराचा झटका येऊन गेलाय, हृदय निकामी होतंय, अंजायना आहे, ठोके बिघडलेत असं वेगळं कारण असेल तरच तो पुढे येतो. तेव्हा पर्यायांत बीटा ब्लॉकर दिसला की प्रश्नात हृदयाचं कारण शोधा. नसेल तर तो बहुधा फसवायला ठेवलेला आहे.

३. मधुमेह: लघवीत अल्ब्युमिन आहे का, हा पहिला प्रश्न

बरेच जण 'मधुमेह म्हणजे एसीई इनहिबिटर' एवढंच पाठ करतात. अर्धं बरोबर आहे. लघवीत अल्ब्युमिन जात असेल, म्हणजे अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिनचं गुणोत्तर ग्रॅममागे ३० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त असेल, तर एसीई इनहिबिटर किंवा एआरबी हे ठाम उत्तर. ३०० च्या वर असेल तर अजून ठाम. अल्ब्युमिन नसेल आणि हृदयाचाही आजार नसेल, तर वरच्या चारही गटांना परवानगी आहे. अशा प्रश्नात एकच बरोबर उत्तर मागितलं तर एसीई इनहिबिटरवर खूण करा, पण 'थायाझाइड मधुमेहात वर्ज्य आहे' हे विधान खरं की खोटं असं विचारलं तर ते खोटं.

हे असं का, हे समजून घ्या, कारण व्हायव्हात पुढचा प्रश्न तोच असतो. किडनीतल्या केशवाहिन्यांच्या गुच्छाकडे, म्हणजे ग्लोमेरुलसकडे, रक्त आणणारी एक धमनिका असते आणि बाहेर नेणारी दुसरी. घरावरची टाकी डोळ्यांसमोर आणा: येणारा नळ उघडा आणि जाणारा नळ आवळला, की टाकीतला दाब वाढतो. मधुमेहात तसंच होतं. अँजिओटेन्सिन-२ बाहेर जाणारी धमनिका जास्त आवळतं. एसीई इनहिबिटर आणि एआरबी ती सैल करतात, गुच्छातला दाब उतरतो आणि अल्ब्युमिन गळणं कमी होतं. बाहेरचा रक्तदाब जेवढा उतरला असेल त्यापलीकडचा हा फायदा आहे. १९९३ साली कॅप्टोप्रिलने टाइप-१ मधुमेहींमध्ये तो दाखवला, आणि २००१ मध्ये लोसार्टन आणि इर्बेसार्टनने टाइप-२ मध्ये. म्हणून कधीकधी प्रश्नात 'टाइप-२, अल्ब्युमिन ४००' असं लिहून पर्यायांत फक्त एआरबी ठेवतात. गोंधळू नका, तेच उत्तर.

अॅम्लोडिपिन मुख्यतः आत येणारी धमनिका सैल करतं. बीपी छान उतरतं, पण गुच्छातला दाब तेवढा उतरत नाही. म्हणून अल्ब्युमिन असलेल्या मधुमेहीत अॅम्लोडिपिन दुसऱ्या क्रमांकावर जोडायचं औषध आहे, पहिल्या क्रमांकाचं नाही.

याच यंत्रणेतून तीन ठिकाणी फसगत होते.

पहिलं, क्रिएटिनिन. औषध सुरू केल्यावर गुच्छातला दाब उतरतो, म्हणजे गाळण थोडी कमी होणारच. सुरुवातीच्या पातळीच्या ३० टक्क्यांपर्यंत क्रिएटिनिन वाढलं तर औषध चालू ठेवतात. '१.० वरून १.२ झालं, काय कराल?' याचं उत्तर 'चालू ठेवू आणि पुन्हा तपासू'. १.० वरून १.८ झालं तर थांबवायचं आणि दोन्ही किडन्यांच्या धमन्या अरुंद झाल्यात का ते बघायचं, कारण तिथे गाळण त्या आवळलेल्या नळाच्या जोरावरच चाललेली असते.

दुसरं, पोटॅशियम. सुरुवातीलाच ५.८ असेल तर एसीई इनहिबिटर हे पहिलं पाऊल नाही, मधुमेह कितीही असो. औषध सुरू केल्यावर एक-दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम दोन्ही तपासायचे, हे प्रिस्क्रिप्शनखाली लिहिलंत तर परीक्षकाला दिसतं की तुम्हाला फक्त नाव माहीत नाही.

तिसरं, 'दोन्ही एकत्र दिले तर दुप्पट फायदा' हा पर्याय. २००८ साली रामिप्रिल आणि टेल्मिसार्टन एकत्र देऊन पाहिले होते. फायदा वाढला नाही; किडनीचा त्रास, पोटॅशियम वाढणं आणि बीपी फार उतरणं मात्र वाढलं. एसीई इनहिबिटर आणि एआरबी एकत्र असलेला पर्याय डोळे झाकून काटा.

मधुमेहात बीटा ब्लॉकरचा प्रश्न वेगळ्या तऱ्हेने येतो. इन्सुलिन घेणाऱ्याची साखर उतरली की छातीत धडधड आणि हाताला कंप येतो; ही इशाऱ्याची लक्षणं बीटा ब्लॉकर दाबतो. घाम मात्र तसाच येतो, कारण घामाच्या ग्रंथींना निरोप देणारं रसायन अॅसिटिलकोलिन आहे. 'कोणतं लक्षण झाकलं जात नाही?' हा प्रश्न जुना आणि आवडता, उत्तर 'घाम'. प्रोप्रानोलॉलसारखा निवड न करणारा बीटा ब्लॉकर त्याशिवाय यकृतातून साखर सोडण्याची वाटही अडवतो, त्यामुळे उतरलेली साखर वर यायला वेळ लागतो.

४. गरोदरपण: इथे आधी काटाकाटीच

स्टेममध्ये गरोदरपण दिसलं की एसीई इनहिबिटर, एआरबी, अॅलिस्किरेन आणि स्पायरोनोलॅक्टोन लगेच काटा. मधुमेह असो, अल्ब्युमिन असो, अपवाद नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या तिमाहीत बाळाची किडनी रेनिन-अँजिओटेन्सिनवर चालते; ती यंत्रणा बंद पडली की बाळाला लघवी होत नाही. गर्भजल म्हणजे मोठ्या प्रमाणात बाळाची लघवीच, त्यामुळे पाणी कमी होतं. पाणी कमी म्हणून फुप्फुसं नीट वाढत नाहीत, कवटीची हाडं कच्ची राहतात, आणि जन्मानंतर मूल लघवीच करत नाही. 'कारण द्या' प्रकारच्या प्रश्नाला ही साखळी याच क्रमाने लिहा. नुसतं 'टेराटोजेनिक आहे' लिहून भागत नाही. मुख्य इजा अवयव घडताना होत नाही, घडलेली किडनी बंद पडल्याने होते.

अॅटेनोलॉलही काटा, त्याने बाळाची वाढ खुंटते. नायट्रोप्रुसाइड सायनाइडच्या भीतीने शेवटचा उपाय. लघवीची गोळी बीपीसाठी नव्याने सुरू करत नाहीत, कारण प्रीएक्लॅम्पसियात रक्तातलं पाणी आधीच कमी झालेलं असतं, पाय कितीही सुजलेले दिसोत.

उरतात तीन: लॅबेटेलॉल, हळूहळू विरघळणारी निफेडिपिन, आणि मिथाइलडोपा.

आता आवृत्तीच्या वर्षाचा मुद्दा. जुनी पुस्तकं 'गरोदरपणात मिथाइलडोपा' असं एका ओळीत सांगतात. त्यामागे पुरावा आहे: पोटात असताना मिथाइलडोपा मिळालेल्या मुलांना साडेसात वर्षांपर्यंत पाहून १९८२ साली अहवाल आला, त्यांच्या वाढीत दोष दिसला नाही. नव्या मार्गदर्शक सूचना लॅबेटेलॉल आणि निफेडिपिनला पुढे ठेवतात, कारण मिथाइलडोपाने झोप येते, मूड उतरतो आणि बीपी उतरवायलाही ते जरा हळूच. मग परीक्षेत काय लिहायचं? लॅबेटेलॉल आणि मिथाइलडोपा दोन्ही पर्यायांत असतील आणि दमा नसेल, तर लॅबेटेलॉल. 'सुरक्षिततेचा सर्वांत दीर्घ अनुभव' असे शब्द असतील तर मिथाइलडोपा. लेखी उत्तरात तिन्ही नावं लिहून, कोणतं का ते एका ओळीत सांगा. कोणत्याही आवृत्तीचा परीक्षक समाधानी होईल. मिथाइलडोपा आलं की कूम्ब्स चाचणी पॉझिटिव्ह येऊ शकते हेही विचारतात.

तातडीच्या प्रसंगाचा प्रश्न वेगळा. बीपी १६०/११० किंवा वर, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजलं तरी तसंच. आता अर्ध्या ते एका तासात औषध द्यायचं आहे. पर्याय तीन:

- लॅबेटेलॉल शिरेतून २० मिलिग्रॅम; दहा मिनिटांनी न उतरल्यास ४०, मग ८०. एकूण ३०० च्या पुढे जायचं नाही.
- हायड्रॅलाझिन शिरेतून ५ ते १० मिलिग्रॅम, वीस मिनिटांनी पुन्हा.
- तोंडाने साधी, लवकर विरघळणारी निफेडिपिन १० मिलिग्रॅम, वीस मिनिटांनी पुन्हा बीपी पाहून पुढचा डोस.

निफेडिपिन गिळायचीच; कॅप्सूल फोडून जिभेखाली ठेवायची जुनी पद्धत बीपी एकदम कोसळवते. बीपी १२०/८० वर आणायचा आग्रहही नको. नाळेचं रक्त आईच्या दाबावर अवलंबून असतं, म्हणून १४० ते १५० वर ९० ते १०० इतकं झालं की पुरे.

मॅग्नेशियम सल्फेटवर इथे बरेच मार्क जातात. ते आकडीच्या झटक्यांसाठी आहे, बीपीसाठी नाही. 'गंभीर प्रीएक्लॅम्पसिया, बीपी कमी करण्यासाठी काय द्याल?' याचं उत्तर मॅग्नेशियम नाही. 'झटका येऊ नये म्हणून?' याचं उत्तर मॅग्नेशियम. प्रिचर्डची पद्धत विचारली तर: सुरुवातीला ४ ग्रॅम शिरेतून, लगेच दोन्ही नितंबांत ५-५ ग्रॅम स्नायूत, मग दर चार तासांनी एका बाजूला ५ ग्रॅम. प्रत्येक डोसआधी गुडघ्याचा रिफ्लेक्स, श्वासाचा वेग आणि लघवी तपासायची. विषबाधेत आधी रिफ्लेक्स जातो, श्वास नंतर मंदावतो, म्हणून हातोडी उशाशी ठेवतात. उतारा कॅल्शियम ग्लुकोनेट.

५. दमा: बीटा ब्लॉकर काटा, लपलेलेसुद्धा

प्रोप्रानोलॉल दम्यात नको हे सगळ्यांना माहीत आहे. मुलं अडकतात ती लॅबेटेलॉल आणि कार्व्हेडिलॉलवर. यांच्याबरोबर 'अल्फा' हा शब्द पाठ केलेला असतो, त्यामुळे दोघेही बीटा-२ अडवतात हे लक्षातून जातं. श्वासनळीच्या स्नायूतले बीटा-२ अडले की नळी आकसते, आणि वर सॅल्ब्युटेमॉलचा पंप मारला तरी त्याला काम करायला जागा उरत नाही. दुसरी अडचण जास्त धोक्याची. टिमोलॉलचे डोळ्यांचे थेंबही याच कारणाने काटायचे: थेंब नाकात उतरतो, तिथून थेट रक्तात जातो आणि यकृतात त्याची काटछाट होत नाही.

मेटोप्रोलॉल आणि बिसोप्रोलॉल हृदयावरच्या बीटा-१ ला जास्त धरतात, पण डोस वाढला की हा फरक पुसट होतो. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या सौम्य दम्याच्या रुग्णाला ते लहान डोसने, लक्ष ठेवून देतात. नुसत्या रक्तदाबासाठी मात्र दम्यात त्यांना हात लावायचं कारण नाही.

एसीई इनहिबिटर दम्यात वर्ज्य नाही. अडचण खोकल्याची आहे. शंभरातल्या पाच ते वीस जणांना ब्रॅडिकायनिन साठल्याने कोरडा खोकला येतो, आणि दम्याच्या रुग्णात तो औषधाचा की दम्याचा हे कळत नाही; डॉक्टर उगाच पंप वाढवत बसतात. एआरबीने ब्रॅडिकायनिन साठत नाही, म्हणून दमा असलेल्या मधुमेहीत अल्ब्युमिन असेल तर एआरबी निवडलेला बरा. थायाझाइड चालतं, पण सॅल्ब्युटेमॉल आणि स्टेरॉइड दोन्ही पोटॅशियम खाली ओढतात आणि थायाझाइड त्यात भर घालतं. नुसता दमा आणि रक्तदाब असेल तर कॅल्शियम चॅनल ब्लॉकर हे सर्वांत सुटसुटीत उत्तर.

६. तिन्ही एकत्र आले तर: एक प्रश्न पूर्ण सोडवून

समजा असा स्टेम आला:

*२९ वर्षांची बाई, गरोदरपणाचा १४ वा आठवडा. चार वर्षांपासून टाइप-२ मधुमेह, सध्या इन्सुलिनवर. लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर १८०, त्यासाठी एनालाप्रिल ५ मिलिग्रॅम चालू. लहानपणापासून दमा, गेल्या महिन्यात दोनदा सॅल्ब्युटेमॉल लागलं. दोन भेटींत बीपी १५२/९८. पोटॅशियम ४.४. पुढचं पाऊल?*
*अ) एनालाप्रिलचा डोस वाढवा ब) एनालाप्रिल बंद करून लॅबेटेलॉल क) एनालाप्रिल बंद करून हळूहळू विरघळणारी निफेडिपिन ड) एनालाप्रिल बंद करून टेल्मिसार्टन*

क्रमाने जा. गरोदर आहे, तेव्हा अ आणि ड गेले. १८० हा आकडा तुम्हाला 'अ'कडे ओढण्यासाठीच घातलाय. मग दमा: ब गेला. क उरला. मधुमेहाने यात काहीच काटलं नाही, आणि निफेडिपिन साखरेला त्रासही देत नाही. पर्यायांत निफेडिपिनऐवजी मिथाइलडोपा असतं तर तेच उत्तर झालं असतं.

वीस आठवड्यांआधीच बीपी जास्त आहे, म्हणून निदान 'क्रॉनिक हायपरटेन्शन'. पूर्वी गरोदरपणातला सौम्य वाढलेला दाब सोडून देत; २०२२ च्या मोठ्या चाचणीनंतर अशा बाईत १४०/९० ला औषध सुरू करतात, तेव्हा 'फक्त लक्ष ठेवा' असा पर्याय असता तर तोही चुकीचा. प्रिस्क्रिप्शन लिहायचं असेल तर निफेडिपिन हळू विरघळणारी ३० मिलिग्रॅम, दिवसातून एकदा, चावू किंवा फोडू नये. सोबत सल्ला लिहा: सुरुवातीला डोकं दुखेल, पायावर सूज दिसेल. ही दोन्ही लक्षणं प्रीएक्लॅम्पसियातही असतात, म्हणून पुढच्या प्रत्येक भेटीत 'गोळीचं डोकं दुखणं' म्हणून सोडून द्यायचं नाही. बीपी आणि लघवी तपासायचीच.

हिला प्रीएक्लॅम्पसियाचा धोका जास्त आहे, तेव्हा लहान डोसची अॅस्पिरिनही याच आठवड्यांत सुरू करतात. दमा आहे म्हणून एक प्रश्न आधी विचारा: कधी अॅस्पिरिन किंवा दुखण्याच्या गोळीने धाप लागली होती का? हो म्हणाली तर अॅस्पिरिन नाही. हा मुद्दा व्हायव्हात स्वतःहून मांडलात तर पुढचे दोन प्रश्न वाचतात.

आता परीक्षक स्टेम पुढे सरकवतो. तीच बाई, ३४ वा आठवडा, बीपी १७२/११४, डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे काजवे. शिरेतून लॅबेटेलॉल? नाही, दमा अजून आहेच. हायड्रॅलाझिन शिरेतून किंवा लवकर विरघळणारी निफेडिपिन तोंडाने. झटका टाळायला मॅग्नेशियम. दमा त्याच्या आड येत नाही, मायस्थेनिया ग्रॅव्हिस असता तर आला असता.

प्रसूती झाली आणि रक्तस्राव थांबत नाही असा पुढचा टप्पा आला तर काटाकाटी पुन्हा करा. अर्गोमेट्रिनने बीपी चढतं, गेलं. कार्बोप्रॉस्टने श्वासनळी आकसते, तेही गेलं. ऑक्सिटोसिन आधीच दिलेलं असेल, त्यापुढे मिसोप्रॉस्टॉल आणि ट्रॅनेक्सॅमिक अॅसिड. या प्रश्नात बीपी आणि दमा दोन्ही नुसते मागे उभे असतात, म्हणून घाईत ते वाचलेच जात नाहीत.

७. लेखी उत्तर कसं मांडायचं

'कारण द्या' प्रश्नाला चार वाक्यं पुरतात: औषध शरीरात कुठे काम करतं, या रुग्णात तिथे वेगळं काय आहे, म्हणून काय बिघडेल, आणि त्याऐवजी काय द्याल. चौथं वाक्य बहुतेक जण विसरतात. दम्यातल्या लॅबेटेलॉलसाठी असं: लॅबेटेलॉल अल्फा-१ बरोबर बीटा-१ आणि बीटा-२ अडवतं. दम्यात श्वासनळी उघडी राहायला बीटा-२ लागतात. ते अडल्याने दम्याचा झटका येऊ शकतो आणि सॅल्ब्युटेमॉलही लागू पडत नाही. गरोदर असेल तर निफेडिपिन किंवा मिथाइलडोपा, नसेल तर अॅम्लोडिपिन.

प्रिस्क्रिप्शनच्या प्रश्नात औषधाचं जेनेरिक नाव, मात्रा, किती वेळा, किती दिवस, आणि खाली कोणती तपासणी कधी हे लिहा. निफेडिपिन लिहिताना 'हळू विरघळणारी' हा उल्लेख राहिला तर वाचणारा साधी कॅप्सूल समजू शकतो, आणि रोजच्या उपचारात ती चूक मोठी धरतात.

८. घरी पाठवताना

वरच्या बाईची केस व्हायव्हात बहुधा डिस्चार्जवर संपते. आता ती गरोदर नाही, तेव्हा पहिली काट उठली, पण दमा आणि अल्ब्युमिन राहिले. मिथाइलडोपावर असेल तर ते बदला, प्रसूतीनंतर मूड आधीच नाजूक असतो. बाळ पूर्ण दिवसांचं किंवा जवळपास तसं आणि ठणठणीत असेल तर एनालाप्रिल पुन्हा सुरू करता येतं. दुधात ते फार कमी उतरतं. खोकला सुरू झाला तर बदलायचं, पण दूध पाजेपर्यंत एआरबीकडे लगेच वळत नाहीत, दुधातला त्याचा अनुभव कमी आहे. तोवर निफेडिपिन किंवा अॅम्लोडिपिन चालतं. एक-दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम. आणि एनालाप्रिल लिहिलं त्याच कार्डावर गर्भनिरोधकही लिहा: तांबी चालेल, इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या नकोत, त्यांनी बीपी वाढतं. पाळी चुकली तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता एनालाप्रिल थांबवून दवाखान्यात यायचं, हे तिला तोंडी आणि लेखी दोन्ही सांगायचं.